आई-वडील गेल्यावर विस्मरणात गेलेल्या ठेवी, पॉलिसी आणि शेअर्स कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडील गेले. त्यांनी पैसे कुठे ठेवलेत हे घरात कुणालाच माहीत नाही. सुरुवात कुठून करायची?

घरातल्या कागदांपासून. पोर्टलवर शोधायला नाव, पत्ता, जन्मतारीख लागते, आणि ती कागदावर जशी छापली आहे तशीच लागते. कपाटाचा लॉकर, ट्रंक, देवघराखालचा खण, जुन्या डायऱ्या असं सगळं एकदा बाहेर काढा आणि लगेच फेकाफेक करू नका.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे बँकेचं पासबुक, कितीही जुनं असो. शिल्लक किती यापेक्षा नोंदी काय आहेत ते पाहा. वर्षातून एकदाच, एकाच महिन्यात जमा होणारी छोटी रक्कम आणि शेजारी `ECS`, `ACH`, `NACH` किंवा `DIV` अशी अक्षरं दिसली, तर तो बहुधा लाभांश असतो आणि कंपनीचं नाव त्याच ओळीत अर्धवट का होईना छापलेलं असतं. ठरावीक महिन्यांनी जाणारी तीच ती रक्कम विम्याचा हप्ता असू शकते. वर्षातून एकदा जाणारं भाडं लॉकरचं असू शकतं, आणि लॉकर असल्याचं पुष्कळदा इथूनच पहिल्यांदा कळतं. अशा नोंदी ज्या वर्षी अचानक थांबल्या ते वर्ष टिपून ठेवा. पुढे कामी येतं.

दुसरा कागद पगाराची स्लिप. वडील नोकरीत असताना एलआयसीचा हप्ता पगारातून कापला जात असेल तर घरात पावतीच येत नसे, पण स्लिपवर कपातीची ओळ असते. सरकारी नोकरीत गट विमा आणि टपाल जीवन विमा यांचीही कपात तिथेच दिसते.

तिसरा म्हणजे कंपनीच्या वार्षिक अहवालाचं पाकीट. अहवाल रद्दीत गेला तरी पाकीट कुठेतरी उरतं आणि त्याच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर फोलिओ क्रमांक छापलेला असतो. शेअर सर्टिफिकेट हरवलं असलं तरी त्या क्रमांकावरून काम सुरू करता येतं.

वडिलांचं पॅन कार्ड, मोबाइल नंबर आणि बँक खातं लगेच बंद करावं का?

इतक्यात नको. पॅन रद्द केलं की आयकराच्या पोर्टलवरून माहिती मिळण्याचा रस्ता अवघड होतो, आणि मृत्यूच्या वर्षाचं विवरणपत्र तर वारसाला भरावंच लागतं. सिमकार्ड किमान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवा. ठेव मुदतपूर्ण झाल्याचा, लाभांश जमा झाल्याचा, हप्ता थकल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो.

हा नंबर माहिती कळण्यापुरताच वापरायचा. मृत्यूनंतर त्यांच्या एटीएम कार्डाने किंवा ओटीपी घेऊन पैसे काढणं बेकायदा आहे. भावंडांत पुढे तक्रार झाली तर ते थेट अंगाशी येतं.

आयकराच्या पोर्टलवर नेमकं काय सापडतं?

`incometax.gov.in` वर स्वतःच्या पॅनने लॉगिन करून वडिलांसाठी ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. मंजुरी मिळाली की त्यांचे जुने फॉर्म २६एएस, वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस, आणि भरलेली विवरणपत्रं पाहता येतात.

२६एएसमध्ये ज्या बँकेने व्याजावर टीडीएस कापला तिचं नाव असतं. घरात ज्या बँकेचं पासबुकच नाही तिचं नाव तिथे दिसलं, तर तिथे ठेव होती हे पक्कं. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र झाला, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांत एआयएसमध्ये कंपन्यांची नावं येऊ लागली. पण व्याजावर कर कापू नका असं बँकेला कळवणारा १५एच फॉर्म भरून टीडीएस टाळला असेल, किंवा ठेव वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुदतपूर्ण होऊन तशीच पडून असेल, तर या कागदांत तिची खूण दिसेलच असं नाही. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

उद्गम पोर्टलवर शोध कसा घ्यायचा?

बँकेतल्या ज्या खात्यावर किंवा ठेवीवर १० वर्षं काहीही हालचाल झालेली नाही, तिची रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त जमा करते. या रकमा शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम हे पोर्टल सुरू केलं: `udgam.rbi.org.in`. आपला मोबाइल नंबर देऊन नोंदणी करायची, खातेदाराचं नाव भरायचं, बँका निवडायच्या आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी एक तपशील द्यायचा. शुल्क काही नाही.

लोक एकदा नाव टाकतात, काही दिसत नाही, आणि सोडून देतात. १९८५ साली उघडलेल्या खात्यावर पॅन असण्याची शक्यता जवळजवळ नाही, जन्मतारीखही पुष्कळदा नोंदलेली नसते. मग पॅन टाकून ते खातं सापडणार कसं? अशा वेळी पत्ता टाकून शोधा, आणि तोही आजचा फ्लॅट नव्हे, त्या काळी राहत होता तो वाडा, चाळ किंवा गाव.

नावाचं स्पेलिंग हा तर स्वतंत्र विषय आहे. वडिलांचं नाव दत्तात्रय असेल तर किमान एवढे शोध घ्यावे लागतात:

```
DATTATRAYA
DATTATRAY
DATTATREYA
DATTATRYA
D V (आद्याक्षरं) + आडनाव
आडनाव + D V
```

यात वडिलांच्या वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षर, कधी गायब. ‘राव’ किंवा ‘पंत’ कधी जोडलेलं, कधी सुटं. आडनावातही तेच: `JOSHI` आणि `JOSHEE`, `DESHPANDE` आणि `DESHAPANDE`. एक वही घेऊन कोणतं रूप कोणत्या तारखेला शोधलं ते लिहीत जा, नाहीतर तेच ते पुन्हा होतं.

जन्मतारखेचीही एक खोच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच आयुष्यभर कागदोपत्री राहिली, असं महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचं झालं आहे. घरी साजरा होणारा वाढदिवस आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख, दोन्ही टाकून पाहा. एलआयसीच्या शोधातही हे लागतं.

उद्गमवर काही मिळालं नाही. म्हणजे ठेव नाहीच का?

तसं म्हणता येत नाही. शेवटच्या हालचालीला १० वर्षं झाली नसतील तर रक्कम अजून बँकेतच असते आणि उद्गमवर दिसत नाही. दोन वर्षं व्यवहार नसले तर खातं फक्त निष्क्रिय होतं. त्यासाठी बँकेला मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्जच करावा लागतो: ‘या नावाने, या पत्त्यावर, तुमच्या कोणत्याही शाखेत खातं, ठेव, लॉकर आहे का?’ पोच घ्या.

दुसरं, सगळ्या सहकारी बँका उद्गमवर नाहीत. नागरी सहकारी बँकांनाही त्या निधीचा नियम लागू आहे, पण शोध त्या बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत किंवा शाखेत घ्यावा लागतो. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत. गावातल्या पतसंस्थेची ठेवपावती सापडली तर थेट संस्थेत जा. संस्था अवसायनात असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात अवसायकाची चौकशी करा.

तिसरं, बँकच आता त्या नावाने उरलेली नसते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये आहेत. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात, तर कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत. पावतीवर जुनं नाव असलं तरी हक्क बुडत नाही. आजच्या बँकेच्या शाखेत ती पावती दाखवायची. काउंटरवरच्या नव्या मुलाला ते नाव माहीत नसेल, शाखाधिकाऱ्याशी बोला.

आईच्या नावाचं काही असेल तर वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि इथे शोध सर्वांत जास्त फसतो. लग्नाआधी उघडलेलं खातं माहेरच्या नावाने असतं: वडिलांचं नाव मधे, माहेरचं आडनाव शेवटी. त्यात पुष्कळ घरांत लग्नात नावही बदलत. म्हणजे शाळेत कुसुम, सासरी सुनंदा. आजोबांनी तिच्या नावाने ठेव ठेवली असेल तर ती ‘कुसुम’च्या नावाने, माहेरच्या पत्त्यावर, आजोबांच्या गावच्या शाखेत असणार. मामा किंवा मावशी हयात असतील तर आधी त्यांना विचारा, त्यांना शाखा आठवते.

दोन नावं एकाच बाईची हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र सर्वांत चांगलं. जुन्या लग्नांची नोंदणी नसते. मग शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि दोन्ही नावं नमूद करून केलेलं नोटरी प्रतिज्ञापत्र, असा संच द्यावा लागतो. बँका छोट्या रकमेला तो पुष्कळदा मान्य करतात. शेअर्सच्या बाबतीत रजिस्ट्रार जास्त काटेकोर असतो.

ठेव सापडली. पैसे रिझर्व्ह बँकेकडून मागायचे का?

नाही. निधीत गेलेली रक्कमही बँकेकडेच मागायची. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग निधीतून परत घेते. उद्गमवर ठेवीसमोर `UDRN` हा संदर्भ क्रमांक दिसतो, तो अर्जात लिहा.

खात्यावर नॉमिनी किंवा ‘दोघांपैकी हयात’ असा जोडखातेदार असेल तर मृत्यूचा दाखला, दावा अर्ज आणि ओळखपत्र एवढ्यावर काम व्हायला हवं, वारस प्रमाणपत्र मागता येत नाही. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला सोपी पद्धत आहे: दावा अर्ज, हमीपत्र, इतर वारसांचं ना-हरकत पत्र. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने निकाल लावायचा आहे. म्हणून ‘सगळे कागद मिळाले’ अशी तारखेची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, नाहीतर १५ दिवस मोजायचे कधीपासून हाच वाद होतो.

व्याजाबाबत मोठी अपेक्षा ठेवू नये. निधीत गेल्यावर व्याज सरळ पद्धतीने मिळतं: ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, नंतर साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के. समजा १ जुलै २०१५ ला ५०,००० रुपये निधीत गेले. पहिल्या तीन वर्षांचे ६,०००, मे २०२१ पर्यंतचे सुमारे ५,०००, आणि त्यानंतर दर वर्षी १,५००. चालू खात्यासारख्या मुळात बिनव्याजी रकमेवर निधीतही व्याज नाही.

वडिलांनी एलआयसीचे हप्ते मधेच थांबवले होते. ते पैसे बुडाले का?

किती वर्षं भरले यावर आहे. जुन्या पॉलिसींत तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरले असतील तर पॉलिसी बंद पडत नाही, ‘पेड-अप’ होते. २५ वर्षांची, ५०,००० विमा रकमेची पॉलिसी घेतली आणि ८ वर्षं हप्ते भरून थांबले, तर पेड-अप रक्कम ५०,००० × ८ ÷ २५ म्हणजे १६,००० रुपये, अधिक तोपर्यंत जमा झालेला बोनस. हे मृत्यूनंतर किंवा मुदतीनंतर मिळतं. तीन वर्षांच्या आत थांबले असतील तर बहुधा काही हाती लागत नाही.

पॉलिसी क्रमांक माहीत असेल तर कोणत्याही शाखेत स्थिती कळते. नसेल तर एलआयसीच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमांचा शोध आहे, तिथे नाव आणि जन्मतारीख भरून पाहता येतं. पण तिथे देय होऊन पडून राहिलेल्या रकमाच दिसतात. मृत्यूची खबर एलआयसीला मिळालेलीच नसेल आणि मुदतही संपलेली नसेल, तर पॉलिसी त्या यादीत असणार नाही. अशा वेळी वडील नोकरीला होते त्या गावच्या शाखेत नाव, जन्मतारीख आणि नोकरीचं ठिकाण देऊन लेखी विचारणा करणं हाच मार्ग आहे. हप्ते पगारातून जात असतील तर कार्यालयाच्या आस्थापना विभागात कपातीची यादी मिळू शकते.

१० वर्षं दावा झाला नाही तर विमा कंपनी ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत भरते. त्यानंतर २५ वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि तो त्याच विमा कंपनीकडे. २५ वर्षं उलटली की रक्कम सरकारजमा.

जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं आहे, पण त्या नावाची कंपनी दिसत नाही किंवा वेगळीच दिसते.

कंपनीचं नाव बदललेलं, दुसरीत विलीन झालेलं किंवा तिचे तुकडे पडलेले असतात. टेल्कोची टाटा मोटर्स झाली, टिस्कोची टाटा स्टील, हिंदुस्तान लिव्हरची हिंदुस्तान युनिलिव्हर. सर्टिफिकेटवर छापलेला आकडा आजचा आकडा समजू नका.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्याच्या घरांत बजाज ऑटोचे शेअर्स असणं नवलाचं नाही. समजा सर्टिफिकेट जुन्या बजाज ऑटोच्या ५० शेअर्सचं आहे आणि २००७ नंतर पत्ता बदलल्याने काहीच घरी पोचलेलं नाही.

२००८ मध्ये कंपनीचं विभाजन झालं. जुन्या कंपनीचं नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झालं आणि प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. म्हणजे ५०, ५० आणि ५०. २०१० मध्ये बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला: तिथले १०० झाले. २०२२ मध्ये बजाज फिनसर्व्हने ५ रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे पाच केले आणि वर एकास एक बोनस दिला: ५० चे २५०, मग ५००. घरातल्या ५० शेअर्सच्या एका कागदामागे आज तीन कंपन्यांत ५०, १०० आणि ५०० शेअर्स आहेत. कागद एक, दावे तीन.

आता यात लाभांश आला. सलग ७ वर्षं लाभांश घेतला गेला नाही तर तो लाभांश आणि त्यामागचे शेअर्स दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातात. शेअर्स तिथे गेल्यावरही बोनस, विभाजन आणि पुढचे लाभांश त्यांच्यावर जमा होत राहतात, ते बुडत नाहीत. दाव्याला मुदत नाही.

गेले आहेत का, हे `iepf.gov.in` वरच्या शोधात आणि कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागातल्या यादीत कळतं. यादीत नाव, पत्ता आणि फोलिओ असतो. इथेही स्पेलिंगची वही उघडायची.

आयईपीएफमधून शेअर्स परत कसे मिळवायचे?

क्रम चुकवू नका. थेट फॉर्म भरायला बसणाऱ्यांचा दावा परत येतो.

आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (आरटीएला) फोलिओ, सर्टिफिकेट क्रमांक आणि मृत्यूचा दाखला देऊन पत्र लिहा आणि त्या फोलिओवर आज किती शेअर्स आहेत, त्यातले किती आयईपीएफकडे गेले, कोणत्या वर्षांचा लाभांश बाकी आहे, हे लेखी मागा. रजिस्ट्रार कोण ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, सर्टिफिकेटच्या मागच्या पत्त्यावर नको. तेही बदललेले असतात: लिंक इनटाइमचं नाव आता एमयूएफजी इनटाइम आहे.

मग वारसाच्या नावावर हक्क चढवण्याचे कागद द्यायचे: आयएसआर-५ हा अर्ज, वारसाच्या केवायसीचे आयएसआर-१ आणि आयएसआर-२, वारसाचे कागद. आयएसआर-२ मध्ये बँक अधिकाऱ्याने तुमची सही साक्षांकित करायची असते. शिक्का आहे पण अधिकाऱ्याचं नाव, क्रमांक नाही, म्हणून हा फॉर्म परत येणं रोजचंच आहे. कागद पटले की कंपनी ‘हक्कपत्र’ देते, इंग्रजीत त्यावर `Entitlement Letter` असं लिहिलेलं असतं.

हक्कपत्र हातात आल्यावरच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर `IEPF-5` भरायचा. शेअर्स कागदी स्वरूपात परत मिळत नाहीत, म्हणून वारसाच्या नावाचं डीमॅट खातं आधी हवं. फॉर्म गेला की पोच आणि `SRN` मिळतो. मग छापील फॉर्म, पोच, स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकेट, डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट आणि रद्द केलेला चेक असा संच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायचा. मूळ सर्टिफिकेट पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि स्पीड पोस्टची पावती जपा. कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा, पुढचा निर्णय आयईपीएफ प्राधिकरणाचा. सगळं मिळून महिनोन्‌महिने लागतात.

एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो. म्हणून त्या कंपनीतले सगळे फोलिओ आणि सगळ्या वर्षांचे लाभांश एकाच फॉर्ममध्ये बसवा. एक फोलिओ राहिला तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

सर्टिफिकेटवर वडिलांबरोबर आईचंही नाव आहे आणि आई हयात आहे.

मग काम पुष्कळ हलकं आहे. मृत धारकाचं नाव कमी करायचं, वारस प्रमाणपत्र लागत नाही. मात्र हे आई हयात असतानाच उरका. दोघंही गेल्यावर तोच कागद पूर्ण वारसा प्रक्रियेत जातो.

वारस दाखला कोणता लागतो? तहसीलदाराचा चालतो का?

तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला निवृत्तिवेतनासारख्या कामांना उपयोगी पडतो, आणि बँक छोट्या रकमेला तो स्वीकारते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाकडून दोन वेगळे कागद मिळतात आणि लोक त्यांत गल्लत करतात. एक, १८२७ च्या मुंबई विनियमाखालचं वारस प्रमाणपत्र. ते वारस कोण एवढं सांगतं. दुसरं, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. त्यात ठेवी, शेअर्स अशी येणी एकेक करून नमूद असतात आणि ती वसूल करण्याचा अधिकार मिळतो. गोव्यात कायदा वेगळा आहे, तिथे विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त होतो.

कागदी शेअर्स एका कंपनीत ५ लाखांपर्यंतचे आणि नॉमिनी नसेल तर प्रतिज्ञापत्र, ना-हरकत आणि हमीपत्रावर काम होऊ शकतं. डीमॅटमध्ये ही मर्यादा १५ लाख आहे. किंमत आजच्या बाजारभावाने धरतात, आणि वरच्या उदाहरणातल्या प्रत्येक कंपनीतली रक्कम ५ लाख सहज ओलांडू शकते. मग उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे न्यायालयाने मृत्युपत्र खरं असल्याचं प्रमाणित केलेला कागद.

न्यायालयात अर्ज करण्याची घाई मात्र करू नका. आधी शोध पुरा करा आणि अर्जाच्या परिशिष्टात सगळ्या कंपन्या, फोलिओ, शेअर्सची आजची संख्या आणि ठेवी लिहा. परिशिष्टात ‘बजाज ऑटो, ५० शेअर्स’ एवढंच लिहिलं असेल तर बाकी दोन कंपन्यांसाठी ते प्रमाणपत्र निरुपयोगी ठरतं. नंतर प्रमाणपत्रात वाढ करून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

नॉमिनी मोठा भाऊ आहे. पैसे त्याचेच का?

बँक ठेव आणि शेअर्समध्ये नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर फरक आहे: आई-वडील, जोडीदार किंवा अपत्य नॉमिनी असेल तर सहसा रक्कम त्याचीच होते.

बहीण अमेरिकेत आहे. तिच्या सहीचं काय?

ना-हरकत पत्र किंवा मुखत्यारपत्र तिने भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचं, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात ग्राह्य धरलं जाणारं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र घ्यायचं. भारतात आल्यावर त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सहीची प्रत कुणी घेत नाही. तिच्या वाट्याचे पैसे तिच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात जातात, जुन्या बचत खात्यात नाही.

म्युच्युअल फंड, पीएफ आणि पोस्ट?

फंडांसाठी ‘मित्र’ ही शोधसेवा कॅम्स आणि केफिनटेकने सेबीच्या पुढाकाराने २०२५ पासून सुरू केली आहे. १० वर्षं हालचाल नसलेले फोलिओ तिथे सापडतात. पीएफसाठी वारसाने फॉर्म २०, पेन्शनसाठी १०डी. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर ५आयएफ भरून ईडीएलआय विम्याचा दावा करायचा, आणि हाच हमखास विसरला जातो. पोस्टाची एनएससी किंवा किसान विकास पत्रं सापडली तर ज्या पोस्टात घेतली तिथे क्रमांकासह जा.

‘तुमच्या वडिलांचे शेअर्स आहेत, काढून देतो’ असा फोन आला. विश्वास ठेवावा का?

शेअर्स खरे असू शकतात. या याद्या सार्वजनिक असतात, त्यामुळे त्या वाचून वारसांना गाठणारे एजंट बरेच आहेत. ते फोनवर कंपनीचं नाव सांगत नाहीत, कारण तेवढंच त्यांचं भांडवल असतं. आई-वडिलांच्या नावाच्या सगळ्या रूपांनी आणि जुन्या पत्त्याने आयईपीएफवर तासभर बसलात तर ते नाव बहुतेकदा तुम्हालाही सापडतं.

मदत घ्यायचीच असेल तर कोणत्या कामाचे किती ते आधी लेखी ठरवा आणि शेअर्स आपल्या डीमॅटमध्ये जमा झाल्यावर पैसे द्या. मूळ सर्टिफिकेट, कोरा सही केलेला फॉर्म, डीमॅटचा पासवर्ड किंवा सर्वाधिकार देणारं मुखत्यारपत्र कुणाच्याही हाती देऊ नका. ‘रिझर्व्ह बँकेची फी’ किंवा ‘आयईपीएफचं प्रोसेसिंग चार्ज’ म्हणून यूपीआयवर पैसे मागितले तर तो माणूस ठग आहे. `IEPF-5` भरायला शुल्क नाही.